साध्या फोनवरून *99# वापरताना

दादा, इंटरनेट नसलेल्या फोनवरूनही बँकेचं काम होतं. *99# दाबून कॉलचं बटण दाबा. सिम मात्र बँकेत नोंदवलेल्या नंबरचंच हवं, नाहीतर खातं सापडणारच नाही. पहिल्यांदा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख टाकून यूपीआय पिन ठरवावा लागतो. मग मेनूत 1 म्हणजे पैसे पाठवणं, 3 म्हणजे शिल्लक. एका वेळी 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात.

एसएमएस नेटवर्कमध्ये साठून राहतो, उशिरा का होईना पोचतो. *99# ज्या यूएसएसडी पद्धतीने चालतं, तिच्यात तसं नाही. फोन आणि सर्व्हर यांच्यात तेवढ्यापुरतं सत्र उघडं असतं. उत्तराला उशीर झाला किंवा रेंज गेली की ते तुटतं. म्हणून समोरच्याचा नंबर आणि रक्कम आधीच कागदावर लिहून घ्या.

समजा, 500 रुपये पाठवताना पिन टाकला आणि स्क्रीन कोरी झाली. लगेच पुन्हा पाठवू नका! पैसे गेलेले असू शकतात. आधी बँकेचा एसएमएस पाहा, नाही आला तर *99# मधून शिल्लक तपासा. आणि अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कोणताही कोड कधीच डायल करू नका.