पावतीवर वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका

फोन टॅप करून कार्डाने पैसे दिलेत, आणि तुमच्या कार्डाचे शेवटचे आकडे 4417 पण मेडिकलच्या पावतीवर 9082? बरोबर आहे ते. फोनमध्ये कार्ड टाकलंत तेव्हा व्हिसा किंवा मास्टरकार्डने खऱ्या नंबराऐवजी दुसराच सोळा आकडी नंबर, म्हणजे टोकन, फोनला दिला. दुकानदाराकडे तोच जातो. खरा नंबर कोणता, हे व्हिसा-मास्टरकार्डला आणि बँकेलाच कळतं.

खरी मेख पुढे आहे. दर वेळी टॅप करताना फोन टोकनसोबत एक सांकेतिक कोड पाठवतो. तो त्याच व्यवहारापुरता चालतो. त्यामुळे दुकानाचा डेटा चोरीला गेला तरी नुसत्या टोकनवर चोराला काही घेता येत नाही. फोन हरवला तर तेवढं टोकन बंद करायचं, खिशातलं कार्ड चालूच राहतं.

नवे लोक दोन ठिकाणी चुकतात:

- कार्ड फोनमध्ये जोडताना येणारा ओटीपी कुणाला तरी सांगतात. मग टोकन चोराच्याच फोनमध्ये तयार होतं! (मेसेज पूर्ण वाचा, ओटीपी कार्ड फोनमध्ये जोडण्यासाठी आहे, असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं.)
- वेबसाइटवर कार्डाचा नंबर हाताने टाकतात. तिथे फोनमधलं टोकन कामाला येत नाही.

आणि हो, माल परत करताना 9082 वालीच पावती दाखवा.