धंदा बुडाला तर शेतीला हात लागेल का?

*मित्रासोबत बेळगावच्या उद्यमबागमध्ये मशीन शॉप टाकतोय. नफा निम्मा-निम्मा. खानापूर तालुक्यात वाटणीत आलेली शेती माझ्या नावावर आहे. मित्राकडे हातात कला आहे, मालमत्ता नाही. साधी भागीदारी करू की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी? धंदा बुडाला तर शेती जाईल का?*

साध्या भागीदारीत हात लागू शकतो, आणि तोही आधी तुमच्याच शेतीला. कारण १९३२ च्या भागीदारी कायद्यात फर्म म्हणजे भागीदारांपेक्षा वेगळं कुणी नाही. फर्मच्या नावाने दावा चालतो, जीएसटी नंबर मिळतो, बँकेत खातं उघडतं, पण त्या नावामागे उभे असता तुम्ही दोघेच. फर्मचं देणं हे प्रत्येक भागीदाराचं पूर्ण देणं धरलं जातं. करारातलं 'निम्मं-निम्मं' तुमच्या दोघांपुरतं. बाहेरच्याला ते बांधील नाही.

आकड्यात बघा. समजा फाउंड्रीकडून कास्टिंग उधारीवर घेतलं, मशीनिंग करून कोल्हापूरला पाठवलं, तिकडे माल रिजेक्ट झाला. फाउंड्रीचं ३० लाख देणं राहिलं आणि लेथ, ड्रिल, स्टॉक विकून १२ लाख आले. उरलेल्या १८ लाखांसाठी फाउंड्रीवाला दावा लावेल, तेव्हा त्याचा वकील कुणाच्या नावावर काय आहे हे आधी बघणार. मित्राचं भाड्याचं घर, तुमचा शेतजमिनीचा आरटीसी उतारा. हुकूमनामा झाला की पूर्ण १८ लाख तुमच्या एकट्याकडून वसूल करता येतात. नंतर मित्राकडून ९ लाख मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून काय घेणार? आणि त्या ऑर्डरवर सही मित्राने एकट्याने केली असली तरी सुटका नाही, कारण फर्मच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराची कृती सगळ्यांना बांधते.

हेच एलएलपीत घडलं तर? २००८ च्या कायद्याने एलएलपी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. कास्टिंग घेतलं तिने, देणं तिचं, आणि ते तिच्याच मालमत्तेतून फेडायचं. १२ लाख संपले की फाउंड्रीवाल्याला केवळ भागीदार म्हणून तुमच्या शेतीवर येता येत नाही. कबूल केलेलं भांडवल भरायचं राहिलं असेल तर तेवढं मात्र मागितलं जाईल. मित्र एलएलपीचा प्रतिनिधी असतो, तुमचा नाही. त्याच्या चुकीचं ओझं तुमच्या डोक्यावर येत नाही. पण ज्याने स्वतः चूक किंवा हयगय केली तो स्वतः अडकतो, आणि फसवणुकीत सामील असलेल्याला कसलीच मर्यादा उरत नाही.

आता खरी गोम. मशीनसाठी कर्ज काढाल तेव्हा बँक भागीदारांची वैयक्तिक हमी बहुधा मागतेच, कधी शेत किंवा घर तारणही मागते. हमीवर सही केलीत की त्या कर्जापुरती एलएलपीची ढाल गेली, कारण आता तुम्ही भागीदार म्हणून नाही, हमीदार म्हणून बांधले जाता. म्हणून तुमचं मोठं देणं बँकेचं असेल तर एलएलपीने फारसा फरक पडणार नाही. मोठं देणं उधारीच्या मालाचं असेल, जसं आपल्याकडच्या मशीन शॉपमध्ये बहुतेक वेळा असतं, तर फरक पडतो.

'आधी साधी फर्म काढू, जमलं तर पुढे एलएलपी करू' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. रूपांतर करता येतं. पण रूपांतराआधीची देणी, आणि आधी केलेल्या करारांतून नंतर उभी राहणारी देणीसुद्धा, तुमच्या अंगावर वैयक्तिक राहतात.

दोघांच्या साध्या फर्ममध्ये एक गेला तर फर्म संपते, एकट्याची भागीदारी नसते. एलएलपी टिकते. मात्र एकच भागीदार उरला आहे हे माहीत असून सहा महिन्यांपलीकडे धंदा चालवलात, तर त्या पुढच्या काळातली देणी तुमच्यावर वैयक्तिक येतात. त्याआधी दुसरा भागीदार घ्या.

एलएलपीची किंमत कागदपत्रांत मोजावी लागते. वार्षिक विवरणाचा फॉर्म ११ दरवर्षी ३० मेपर्यंत आणि हिशेबाचा फॉर्म ८ ३० ऑक्टोबरपर्यंत, धंदा शून्य असला तरी. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की ऑडिट. साध्या फर्मला हे दरवर्षीचे फॉर्म नाहीत. पण तिची नोंदणी मात्र कराच. नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीदार गिऱ्हाइकावर करारापोटी दावा लावता येत नाही.

तुमच्या जागी मी एलएलपी घेईन, आणि पहिल्या ऑर्डरच्या आधी. भागीदारांचा करार लेखी करा आणि एलएलपीच्या नोंदणीपासून ३० दिवसांत दाखल करा. करारच नसेल तर कायद्यातले ठरावीक नियम लागू होतात आणि नफा समान वाटला जातो. बिलावर, ऑर्डरवर एलएलपीचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित जबाबदारीची नोंद असल्याचं वाक्य छापायचं. सही 'एलएलपीतर्फे' करायची. फाउंड्रीवाला 'विश्वासापुरता' म्हणून तुमच्या बचत खात्याचा कोरा चेक मागेल, तो द्यायचा नाही.