वीस तारीख आली की त्याला माझी आठवण येते

मावशी, मी फोंड्याला राहते, घरूनच अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करते. कॉलेजातला एक मित्र आहे, आसगाव-हणजूण बाजूला बाहेरच्या लोकांचे व्हिला सांभाळतो. तीन वर्षं त्याचं जीएसटी मी फुकट भरते, एकदा नोटीस आली तर उत्तर मी लिहिलं, लोनसाठी बँकेतल्या मॅनेजरशी ओळख मी करून दिली. दर वेळी म्हणतो "तुला व्हिलावाले क्लायंट देतो", आजवर एक नाही. मी दोनदा म्हटलं, काही काम असलं तर सांग हां, तर नुसता अंगठा. आता परत वीस तारीख जवळ आली. तोडायचं नाही मला, गोवा केवढासा, उद्या म्हार्दोळच्या जत्रेत समोर येणारच. काय करू?
— फोंड्याची एक वाचक

अगो बाय, आधी तुलाच जरा बोलते, मग त्याला. "काही काम असलं तर सांग हां" हे मागणं नव्हे गो. हे आपण कुणालाही म्हणतो, बसस्टॉपवर भेटलेल्या माणसाला पण म्हणतो, आणि समोरचा ते ऐकतो न ऐकतो नि अंगठा पाठवतो. त्यामुळे तीन वर्षांत त्याने दिलं नाही हे खरं, पण तू धड मागितलंस असंही नाही. तो नुसता विसरभोळा आहे की खरोखर घेऊ आहे हे अजून तुला कळलेलं नाही, मला तर त्याहून नाही. ते आधी बघूया.

ह्या महिन्याचं थ्रीबी, म्हणजे ते वीस तारखेचं जीएसटी रिटर्न, नेहमीसारखं भर, कुरकुर नको. भरून झालं, स्क्रीनशॉट पाठवलास, त्याचा "थँक्स गो, वाचवलंस" आला, की तेव्हाच लिही: "तू म्हणाला होतास ना आसगावच्या व्हिलावाल्यांना अकाउंटंट पाहिजे, त्यातल्या एकाला विचारून माझा नंबर देशील? शनिवारपर्यंत झालं तर बरं. जमण्यासारखं नसेल तर तसं सांग, राग नाही." एक माणूस, एक काम, एक दिवस, आणि नाही म्हणायला दार उघडं. चार ओळींच्या वर जाऊ नकोस.

तेव्हाच का, तर फ्रान्सिस फ्लिन नावाच्या एका संशोधकाने 2003 मध्ये हे तपासलेलं, की उपकार घेणाऱ्याला त्याची किंमत लगेचच्या वेळी जास्त वाटते आणि दिवस जातील तशी कमी होत जाते, आणि देणाऱ्याचं बरोबर उलटं, आज त्याला काही विशेष वाटत नाही पण मागाहून ते मनात वाढत जातं. म्हणून तुला ती नोटीस अजून आठवते, कुठल्या रात्री जागून लिहिलीस ते पण आठवत असेल, आणि त्याच्या डोक्यात ती कधीच संपली. जुन्या गोष्टी काढून भांडण केलंस तर तो मनापासून म्हणेल की एवढं काय केलंस तू. खोटं नाही बोलणार तो, त्याला खरंच तेवढंच आठवतं. म्हणून मागचा हिशेब काढू नकोस, तो वसूल होणारा नाही.

शनिवारी काय होतं ते बघ. नंबर दिला तर छान, मग माणूस फक्त आळशी होता. "तो नाही जमणार गो, पण थांब, दुसऱ्या एकाला विचारतो" म्हणाला तरी चांगलं, त्याला देणं-घेणं कळतं. पण मेसेज बघून गप्प बसला आणि पाच दिवसांनी "अगो एक छोटं काम होतं" म्हणून आला, की समज. माझी एक ओळखीची होती तशी, चवथीला माझे मोठे टोप न्यायची, माटोळी उतरली तरी परत यायचे नाहीत, आणि एकदा मी तिच्याकडे नुसती खवणी मागितली तर म्हणाली शोधावी लागेल. त्या दिवशी मला कळलं, आणि टोपांची वाट बघणं पण संपलं.

आता जीएसटीचं. हे शनिवारच्या निकालावर ठेवू नकोस, नंबर दिला तरी हे होणारच. पाच मिनिटांची मदत ती मदत, अमुक नियम काय, हे चलन कुठे भरतात, ती कुणालाही दे. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-वन आणि 20 ला थ्रीबी, हे काम आहे, त्याला फी असते. पण 19 तारखेला रागाने हात वर केलेस तर दंड त्याला बसेल आणि वाईट तू होशील, कारण उशिरा भरलं की दिवसाला 50 रुपये लेट फी चालू होते, निल असलं तरी 20, वर टॅक्स बाकी असेल तर त्याचं व्याज. म्हणून आधी सांगायचं, 27-28 च्या सुमाराला, असं काहीतरी:

"पुढच्या महिन्यापासून सगळ्यांची रिटर्न्स फी घेऊनच करतेय, मित्रांची पण. तुझे महिन्याचे 1200 होतील. ठेवायचं तर 5 तारखेपर्यंत बिलं पाठव. दुसऱ्या कोणाकडे द्यायचं असेल तरी चालेल, मी सगळं हातात देते."

1200 मी आपला लिहिलाय, तुझी जी फी असेल ती घाल, पण आकडा घाल, "बघू काहीतरी" नको. सॉरी नको, कारण नको, व्हिलाचा विषय तर अजिबात नको, नाहीतर फी म्हणजे सूड वाटेल. तो म्हणणार, "माझ्याकडून पण घेणार?" त्यावर एकच वाक्य, "हो रे, सगळ्यांकडून," आणि पुढे गप्प. आपण बायका इथेच फसतो, गप्प राहवत नाही, मग आपणच म्हणतो बरं बरं ह्या महिन्याचं राहू दे.

एक तपासून घे. तीन वर्षं तूच भरतेस म्हणजे पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुझाच घातलेला असायची दाट शक्यता. तसं असेल तर ओटीपी तुझ्याकडे येत राहणार आणि तू कधी सुटणार नाहीस, वर उद्या आणखी नोटीस आली तर तीही तुझ्याच मेलवर. त्याच्या लॉगिनमध्ये जाऊन ऑथराइज्ड सिग्नेटरीचा मोबाइल-ईमेल त्याचा करून घे, पासवर्ड त्याला बदलायला लाव. हे नॉन-कोअर बदलात येतं, अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. तो फी देऊन तुझ्याकडे राहिला तरी हे कर.

आणि ओळखी. त्या मॅनेजरकडे तू फक्त नंबर दिला नाहीस, तुझं नाव गहाण ठेवलंस. ह्याने उद्या हप्ते चुकवले तर तो मॅनेजर तुझा फोन उचलताना विचार करेल. पुढे कधी ओळख मागितली तर "मी त्यांना विचारते, ते हो म्हणाले तर नंबर देते" एवढंच, आणि खरंच विचार, आणि त्यांना सांग की ओळखीचा आहे, पण त्याच्या पैशाच्या व्यवहाराचं मला माहीत नाही.

जत्रेत भेटला तर बोल की नेहमीसारखं, खाजें घे, बायकामुलांची चौकशी कर. दोन-तीन महिने तो थोडा फुगून राहील, फोन कमी येतील, तेवढं चालू दे. फीचा मेसेज मात्र सकाळी पाठव आणि पाठवून बाजारात जा, रात्री पाठवलास तर तो लगेच फोन करेल आणि तू अर्ध्या झोपेत परत हो म्हणशील.