ताईंचे शब्द ताईंचेच राहू दे

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

आपल्या हळद विकणाऱ्या बायकांच्या गटाच्या पानासाठी तू पाठवलेली पोस्ट पाहिली आणि तिच्याखाली जोडलेला ग्राहक ताईंचा मूळ निरोपही वाचला. दोन्ही पाठवलेस हे फार बरं केलंस, नाहीतर कुठे काय बिघडलं ते मला कळलंच नसतं. तुझी पोस्ट अशी होती: "आपल्या उत्कृष्ट दर्जाच्या अस्सल वायगाव हळदीमुळे आमच्या स्वयंपाकाला अप्रतिम चव आली! सासूबाईंची गुडघेदुखीही पूर्णपणे बरी झाली. मनःपूर्वक धन्यवाद!" आणि पुलगावच्या ताईंनी लिहिलं होतं ते असं:

"ताई नमसकार. हळत मिळाली. मी आधी दुकानातली आणत होती, थे टाकली का भाजी निस्ती पिवळी दिसे, वास काही नसे. तुमची अर्धा चमच टाकली का वसा घरभर सुटते. अस्सल वायगावची हळद हाय. थोडी महाग हाय पन कमी लागते म्हणून पुरते. पयली पुडी कोपऱ्याले फाटून आली होती, तुमाले सांगतलं तं तुमी दुसरी पाठवली. सासूबाईचे गुडघे दुखत होते, थे बी दुधात हळद घेऊन थांबले. अजून दोन किलो पाठवा, पत्ता तोच."

हे दोन्ही एकापाठोपाठ एक मोठ्यानं वाच. पहिलं कोणत्याही हळदीच्या, साबणाच्या, अगरबत्तीच्या पुडीवर चालेल. दुसरं फक्त याच बाईंचं आहे, याच हळदीबद्दल आहे. अर्धा चमचा, घरभर वास, दुकानातली निस्ती पिवळी. "उत्कृष्ट" आणि "अप्रतिम" हे शब्द त्यांनी कुठेच लिहिलेले नाहीत, आणि त्यांची गरजही नव्हती. वाचणारीला विश्वास बसतो तो अर्ध्या चमच्यावर.

तुला वाटलं असेल, वऱ्हाडी बोली गटाच्या पानावर बरी दिसणार नाही. मला पहिल्या वर्षी हेच वाटायचं. पण चूक आणि बोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या ओळखायची सोपी रीत आहे: शब्द तोंडानं म्हणून पाहा. "नमसकार", "हळत", "वसा" असं कोणी बोलत नाही, तिथे बोट घसरलं आहे. ते दुरुस्त कर, त्यासाठी कोणाला विचारायचीही गरज नाही. "तुमाले", "थे", "पयली", "सांगतलं" हे मात्र त्या असंच बोलतात. तिथे हात लावायचा नाही. तू "तुमाले"चं "आपणांस" केलंस की त्या बाई पोस्टमधून निघून जातात आणि तिथे कोणीतरी भाषण करणारं येऊन बसतं. पुलगावपासून राळेगावपर्यंत ज्या बायका ही पोस्ट वाचणार, त्यांना हे एका ओळीत कळतं.

आता वाक्यं एकेक घेऊ. नमस्कार, हळद मिळाली, दोन किलो पाठवा, पत्ता तोच, हे गटाशी झालेलं बोलणं आहे. ते गाळ. सुरुवातीचं आणि शेवटचं गाळलं तर काही खूण लागत नाही, पण मधलं वाक्य काढलं की तिथे तीन टिंबं द्यायचीच. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे काहीतरी होतं.

"अस्सल वायगावची" हे त्यांनी चांगल्या मनानंच लिहिलं. वर्धेकडच्या माणसाला चांगली हळद म्हटली की वायगावच आठवतं. पण समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि आपली हळद आपल्या राळेगाव तालुक्यातल्या शिवारातली आहे. बाईंचा समज चुकला, त्यात त्यांचा दोष नाही. पण आपण तो आपल्या पानावर चढवला की तो आपला खोटा दावा होतो. "ग्राहकच म्हणाली" असं सांगून सुटका नाही. हे वाक्य काढायचं. त्याच्या जागी "राळेगावची" असंही घालायचं नाही, कारण तसं त्या म्हणालेल्या नाहीत. आणि दोन किलो पाठवताना त्यांना सांग की ही हळद वायगावची नव्हे. त्यांना खरं कळायला हवं.

गुडघ्यांचं वाक्य अख्खं काढ. "पूर्णपणे बरी" हा तुझा भर होता, तो सगळ्यात वाईट. पण नुसतं "थांबले" ठेवलं तरी चालत नाही. अन्नपदार्थ विकणाऱ्यानं आजार बरा होतो, कमी होतो, टळतो असं जाहिरातीत म्हणायचं नाही, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांबद्दलच्या नियमांत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहकानं आपल्याला कळवलं, तोपर्यंत ते तिचं मत. आपण उचलून लावलं की ती आपली जाहिरात. दंडाचं मी सांगते आहे, पण मला भीती दुसरीच वाटते. एखादी म्हातारी पोस्ट ऐकून गोळ्या बंद करेल आणि दूधहळदीवर राहील. सौम्य करून "थोडा आराम पडला" असं लिहायचा मोह होईल. तो टाळ. ते त्यांचे शब्दही नाहीत आणि दावा तर तसाच राहतो.

आता तू गाळलेली दोन वाक्यं. "थोडी महाग हाय" हे तू काढलंस, मला वाटतं तुला ते नुकसानीचं वाटलं. माझ्या मते अख्ख्या निरोपात हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. भाव बघून बिचकणारी बाई दुसऱ्या बाईकडून ऐकते की हो, महाग आहे, पण कमी लागते. तो "पन" काढला तर उरतं ते निव्वळ गोड, आणि निव्वळ गोडाला लोक आता हसतात. उलट बाजूनं "कमी लागते म्हणून पुरते" एवढंच ठेवून "महाग" कापलं, तर तो अर्थच बदलतो. कापण्यातला खोटेपणा असाच असतो: प्रत्येक शब्द खरा आणि मिळून खोटं.

फाटलेल्या पुडीवर मी जरा थांबले. ती तक्रार मिटलेली आहे, आणि कशी मिटली हे त्याच वाक्यात आहे, म्हणून ठेव. पुडी अजून बदलून दिली नसती, तर ही पोस्ट आज टाकायचीच नव्हती. आधी पुडी पोचवायची. आणि कोपरे फाटण्याच्या तक्रारी आणखी आल्या असतील तर पॅकिंगवाल्या बायांशी बोल, ते पोस्टपेक्षा आधीचं काम आहे.

मग उरलं ते हे:

"मी आधी दुकानातली आणत होती, थे टाकली का भाजी निस्ती पिवळी दिसे, वास काही नसे. तुमची अर्धा चमच टाकली का वास घरभर सुटते … थोडी महाग हाय पन कमी लागते म्हणून पुरते. पयली पुडी कोपऱ्याले फाटून आली होती, तुमाले सांगतलं तं तुमी दुसरी पाठवली."

खाली "ग्राहक, पुलगाव" आणि महिना, वर्ष. महिना लिहायचाच. हळद दर वर्षी नवी निघते, शिजवणं, वाळवणं, दळणं दर खेपेला थोडं वेगळं होतं. दोन हंगामांपूर्वीची स्तुती आजच्या पुडीला लावली तर ती खरी असूनही खरी राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: शिफारस करणाऱ्याचं मत खरं असावं, सध्याचं असावं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर असावं.

स्क्रीनशॉटचं वेगळं सांगते. चॅटचा फोटो लावायचा असेल तर तो जसा आहे तसा. नंबर, नाव, फोटो यांवर पक्की पट्टी ओढ. नुसतं धूसर केलेलं कधी कधी वाचता येतं. आणि संपादित मजकूर हिरव्या चौकटीत टाकून व्हॉट्सॲपसारखा दिसवायचा नाही, कधीच नाही. ती चौकट "हे तिनं असंच लिहिलं" असं सांगते. वरचा मजकूर आपण कापलेला आहे, म्हणून तो साध्या अक्षरांत, अवतरणचिन्हांत जाईल. या निरोपाचा स्क्रीनशॉट तर वापरताच येणार नाही, त्यात वायगाव आणि गुडघे दोन्ही आहेत.

मी इतकी बारीक का पाहते, ते तुला माहीत असावं. बऱ्याच वर्षांपूर्वी जवसाच्या चटणीच्या पुडीसोबत देण्यासाठी आम्ही चिठ्ठ्या छापल्या होत्या. एका बाईंनी लिहिलं होतं, "भाजी नसली तं पोट्टे ह्या चटणीसंग खातेत." मी ते केलं, "पोट्टे भाजी सोडून हीच चटणी मागतेत." मला वाटलं, तेच तर आहे, जरा उठावदार. चिठ्ठीवर त्यांचं नाव आणि गाव होतं. आठवडी बाजारात त्यांच्या जावेनं ती वाचली, आणि "लेकरांना भाजी करत नाही, चटणीवर भागवते" हे बोलणं त्यांना महिनाभर ऐकावं लागलं. त्या माझ्याकडे आल्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मी असं कुठं म्हटलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेल्या चिठ्ठ्या मी जाळल्या, पण वाटलेल्या परत येत नाहीत. शब्द मी बदलला आणि गावात त्याच्यासोबत राहावं लागलं त्यांना.

म्हणून पोस्ट टाकण्याआधी ती जशी दिसणार तशीच ताईंना पाठव. असं लिही: "ताई, तुम्ही लिहिलेलं असं टाकू का? वायगावचं आणि गुडघ्यांचं वाक्य काढलं आहे. गावाचं नाव ठेवू का?" वाक्यं का काढली तेही दोन शब्दांत सांग, नाहीतर त्यांना वाटेल आपलं म्हणणं यांना पटलं नाही. नाव, गाव आणि फोटो यांची परवानगी वेगवेगळी विचार. एकाला हो म्हणजे तिन्हींना हो नाही. नुसता अंगठा आला तर फोन कर आणि पोस्ट वाचून दाखव. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर आणखी चांगलं. त्यांनी एखादा शब्द बदलून सांगितला तर तो घे, मग तो तुला कमी आवडला तरी.

दुसरी पुडी फुकट दिली होती, ती फाटलेल्याच्या बदल्यात, म्हणून वेगळं काही लिहायला नको. पण स्तुतीच्या आशेनं कोणाला पुडी भेट दिली असेल तर "गटाकडून भेट मिळालेली" हे पोस्टमध्ये लिहायचं. आणि आपल्याच सदस्यांच्या बहिणी-वहिनींची स्तुती पानावर घ्यायची नाही.

मूळ निरोप, पाठवलेला मसुदा आणि ताईंचा होकार, तिन्हींचे फोटो एका फोल्डरमध्ये तारखेसह ठेव. उद्या त्यांनी "काढून टाका" म्हटलं तर त्याच दिवशी काढ, कारण विचारू नको.

त्यांनी भाजीच्या कढईचा फोटोही पाठवला आहे, तो छान आहे. पण मागे खाटेवर एक लहान मूल झोपलेलं दिसतं. कढईपुरता कापून घे, आणि कापलेलाच त्यांना दाखव.

तुझी काकू