जॉइनिंग बोनस आणि सामान हलवल्याचा खर्च कंपनी परत मागते तेव्हा

प्रश्न : वकीलसाहेब, मी टिळकवाडी, बेळगावची. एप्रिल 2025 मध्ये पुण्यातील एका आयटी कंपनीत दरमहा दीड लाख पगारावर रुजू झाले. दोन लाख जॉइनिंग बोनस मिळाला, त्यातून कर कापून एक लाख अठ्ठावन्न हजार हाती आले. सामान हलवल्याची चाळीस हजारांची बिलेही कंपनीने दिली. वडिलांच्या आजारपणामुळे जानेवारी 2026 च्या सुरुवातीला नोटीस कालावधी पूर्ण करून मी नोकरी सोडली. ‘बारा महिन्यांच्या आत स्वतःहून सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करावा लागेल’ असे ऑफर लेटरमध्ये आहे. कंपनीने डिसेंबरचा हाती येणारा एक लाख वीस हजार पगार अडवला असून आणखी एक लाख वीस हजार पंधरा दिवसांत भरा, अशी नोटीस पाठवली आहे. एवढे द्यावेच लागतील का?

उत्तर : एवढे नाही, पण काही द्यावे लागण्याची तयारी ठेवावी. बोनस परत करण्याची अट आपण सहीनिशी मान्य केली आहे आणि ती बेकायदा नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, जे कर्नाटक उच्च न्यायालयातूनच वर गेले होते, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. अशी अट व्यवसायाला प्रतिबंध करणारी नाही, त्यामुळे करार कायद्याचे कलम 27 तिला लागू होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. तो निकाल सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या भरती खर्चाचा विचार करून दिलेला आहे हे खरे. तरीही खासगी कंपनी त्याचा आधार घेणारच. वडिलांचे आजारपण हे मनाला पटणारे कारण असले, तरी लेटरमध्ये तशी सवलत नसेल तर त्याने जबाबदारी टळत नाही. वाटाघाटीत मात्र ते अवश्य मांडावे.

सामान हलवण्याच्या चाळीस हजारांचा मुद्दा वेगळा आहे. आपण उद्धृत केलेल्या अटीत फक्त जॉइनिंग बोनसचा उल्लेख आहे. तो खर्च बिलांपोटी दिलेला असून तो परत करण्याचे आपण कुठेच मान्य केले नसेल, तर कंपनीच्या मागणीला आधार उरत नाही. ‘कंपनीची धोरणे लागू राहतील’ असे एखादे वाक्य लेटरमध्ये आहे का, एवढे मात्र बारकाईने पाहावे. असल्यास आपण रुजू झालात त्या तारखेचे धोरण लेखी मागावे, नंतर बदललेले नव्हे.

बोनसची रक्कम पूर्ण की प्रमाणात, याबाबत अट गप्प आहे. करार कायद्याचे कलम 74 म्हणते की करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. आपण बारापैकी नऊ महिने काम केले, म्हणून उरलेल्या तीन महिन्यांपुरते पन्नास हजार, ही मांडणी रास्त आहे. कंपनी मात्र म्हणेल की ही भरपाई नव्हेच, सशर्त दिलेली रक्कम परत मागणे आहे. आणि हा युक्तिवाद कमजोर नाही. म्हणून पन्नास हजार ही आपली भूमिका ठेवावी आणि दोन लाख ही वाईटात वाईट शक्यता धरावी.

पगार अडवण्याच्या बाबतीत कंपनीची बाजू लंगडी आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देणी चुकती करावी लागतात, आणि कलम 18 प्रमाणे एका वेतन कालावधीतील सर्व कपाती मिळून निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. दीड लाखाचे निम्मे पंचाहत्तर हजार होतात. त्यात प्राप्तिकर आणि भविष्य निर्वाह निधीचे तीस हजार आधीच गेले. म्हणजे बोनसपोटी फार तर पंचेचाळीस हजार कापता आले असते. पंचाहत्तर हजार आपल्याला मिळायला हवे होते. बोनस हा कायद्याने कपातीसाठी मान्य केलेल्या ‘आगाऊ रक्कम’ या सदरात बसतो का, हा वाद त्याआधीचाच.

एकूण हिशेब असा : पन्नास हजारांची मांडणी मान्य झाली तर कंपनीनेच आपल्याला सत्तर हजार परत द्यावेत, दोन लाख पूर्ण मान्य झाले तरी आणखी ऐंशी हजारच देणे निघते, एक लाख वीस हजार नव्हे. शिवाय वसुली दोन लाखांची होत असेल, तर हाती न आलेल्या बेचाळीस हजारांच्या कराचे काय, हे विचारावे. याच आर्थिक वर्षात, म्हणजे 31 मार्चपूर्वी, तडजोड झाली तर कंपनी आपले उत्पन्न कमी दाखवून फॉर्म 16 दुरुस्त स्वरूपात देऊ शकते. वर्ष उलटल्यावर हे काम फार किचकट होते.

सीमाभागातील अनेकांना वाटते की राज्य बदलले की कायदाही बदलतो. हे दोन्ही कायदे केंद्राचे असल्याने हक्क तेच राहतात; दाद मागण्याचे ठिकाण मात्र बदलते. काम पुण्यात झाले, म्हणून पगाराचा दावा पुण्यातील प्राधिकाऱ्याकडे जाईल. दिवाणी दाव्यासाठी लेटरमध्ये ‘फक्त पुणे न्यायालय’ असे असेल तर तेही टिकते. नोकरीच्या करारातील अशी अट सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये मान्य केली आहे. नोटिशीत फौजदारी कारवाईची भाषा असली तरी घाबरू नये, कारण नोकरी लवकर सोडणे ही करारातील बाब आहे, फसवणूक नव्हे.

पंधरा दिवस संपण्याआधी ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने उत्तर पाठवावे. चाळीस हजारांची मागणी नाकारावी, डिसेंबरच्या पगाराचा हिशेब मागावा आणि ‘माझे सर्व हक्क राखून’ असे लिहून पन्नास हजारांवर तडजोडीची तयारी दाखवावी. ‘मी दोन लाख देणे लागते’ असे वाक्य फोनवर किंवा व्हॉट्सॲपवरही लिहू-बोलू नये. तडजोड झालीच, तर पैसे देण्याआधी ‘काहीही येणे बाकी नाही’ असे पत्र आणि रिलीव्हिंग लेटर एकाच वेळी मिळेल, हे लेखी घ्यावे.