छातीचं रेडिएशन: घशाचं दुखणं आधी येतं, फुफ्फुसाचं नंतर

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी छातीला रेडिएशन चालू आहे, तिसरा आठवडा आहे. गिळताना खूप दुखतंय, थोडा खोकला पण आहे. हे नॉर्मल आहे का? डॉक्टरांना कधी फोन करायचा?

गिळताना दुखणं ह्या टप्प्याला बहुतेकांना होतं, पण म्हणून गप्प बसून सोसायचं नसतं. अन्ननलिका छातीच्या मधोमध जाते, किरणांच्या वाटेत येते, आतलं अस्तर सोलवटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, आधी घास अडकल्यासारखं, मग छातीच्या हाडामागे आग. सोबत केमो असेल तर जास्तच. आणि शेवटचं रेडिएशन झालं की लगेच थांबत नाही, नंतरचा आठवडा-दोन आठवडे सगळ्यात वाईट असू शकतात, मग हळूहळू भरून येतं.

आमचे आप्पा कागलकडचे, गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून आयुष्य गेलं. चटणी-भाकरीशिवाय जेवण म्हणजे त्यांना जेवणच वाटत नाही. पाहुणे बघायला येताना डब्यातनं पांढरा रस्सा आणायचे, तिखट नाही म्हणून. अहो, पण त्यात मिरी असते, एका वाटीत त्यांच्या डोळ्यातनं पाणी आलं. शेवटी चाललं काय, तर कण्या दुधात मऊ शिजवून, गुरगुट्या भात तूप घालून, उकडलेलं अंडं कुस्करून, सगळं कोमट. ताक-आंबील आंबट असली की झोंबायची. डॉक्टरांनी गिळायच्या आधी घ्यायचं बधिर करणारं सिरप दिलेलं, ते घेऊन पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग जेवायचं. आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आप्पा जेवण झाल्यावर घ्यायचे आणि औषधाचा गुण नाही म्हणायचे. ॲसिडिटीची गोळी वेगळी, दुखण्याची वेगळी. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते, तीच अन्ननलिकेत उतरली तर दुखणं अचानक वाढतं, त्याला वेगळी गोळी लागते. म्हणून रोज बॅटरी मारून तोंड बघा.

फोन कधी करायचा, तर पाणीसुद्धा उतरत नसेल, लघवी कमी आणि गडद झाली असेल, आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरलं असेल, तर सोमवारची वाट बघू नका. प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल किंवा उलटीत रक्त, काळी शी दिसली तर त्याच दिवशी. केमो सोबत चालू असताना ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला तर रात्री बारा वाजता सुद्धा.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल, कारण घशाचं दुखणं घरात सगळ्यांना दिसतं. फुफ्फुसाची सूज येते ती रेडिएशन संपल्यावर, साधारण एक ते तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांपर्यंत. तेव्हा घरात सगळं पार पडलं म्हणून देवाला नारळ फोडून झालेला असतो.

आप्पांचं रेडिएशन संपून दीडेक महिना झाला होता. जेवण सुरळीत झालेलं, आणि कोरडा खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंग थोडं कोमट. मी म्हटलं रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन करूया. दादा म्हणाला, "आता कशाला त्येस्नी फोन करतीस, रेडिएशन संपलं की! हवा बदललीया." गावातल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स दिला, तो संपला, दुसरा दिला, खोकला तसाच. बोटाला लावायच्या मशीनवर बसल्या जागी 96 दाखवायचं, म्हणून सगळे निवांत. मी त्यांना परसापर्यंत चालवून आणलं आणि लगेच बोट धरलं, 88. बोलताना वाक्य मधेच तोडून श्वास घेत होते. मग मी कुणाला न विचारता फोन केला आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला नेलं.

सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी आधीचा रेडिएशनचा प्लॅन आणि नवीन स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. पांढुरका पट्टा बरोबर तिथंच होता जिथून किरणं गेलेली, त्याच्या कडा सरळ. साधा न्यूमोनिया असा किरणांची हद्द बघून थांबत नाही. तरी त्यांनी थुंकी तपासली, टीबी नाही ना, इन्फेक्शन नाही ना, फुफ्फुसात रक्ताची गाठ तर अडकली नाही ना, हे बघितलं आणि मगच स्टिरॉइड सुरू केलं. प्रेडनिसोलोन, 40 मिलिग्रॅमपासून, सकाळी नाष्ट्यानंतर, आणि कमी करायचं ते टप्प्याटप्प्यानं, कित्येक आठवडे. थोड्याच दिवसात आप्पा परसात जाऊन यायला लागले.

आणि इथंच घोळ झाला. साखर वाढली, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं, आणि दादाला कुणीतरी सांगितलं की स्टिरॉइड म्हणजे विष, हाडं झिजतात. मी घरी नव्हते तेव्हा त्यानं गोळ्या एकदम बंद केल्या. आठवड्याच्या आत धाप परत आली, पहिल्यापेक्षा जास्त, ऑक्सिजन लावून ॲडमिट करावं लागलं. दादा आजही म्हणतो थंडीमुळं झालं. थंडीमुळं नाही झालं. स्टिरॉइडनं सूज दाबून धरलेली असते, आतली जखम अजून शांत झालेली नसते, हात एकदम काढला की ती उसळते. शिवाय बरेच आठवडे गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, त्यामुळं अचानक बंद केलं तर तो वेगळाच धोका. परत सुरू केल्या, ह्यावेळी आणखी सावकाश कमी केल्या, आणि त्या नीट संपल्या. साखर वाढली तर साखरेचं औषध वाढवतात, स्टिरॉइड फेकून देत नाहीत. कमी कधी, किती, हे फक्त डॉक्टर ठरवणार, घरातल्या कर्त्या माणसानं नाही.

तर तुमच्या बाबांचं रेडिएशन संपल्यावर पुढचे सहा महिने नवीन कोरडा खोकला, जिना चढताना आधीपेक्षा जास्त धाप, बारीक ताप, ह्यातलं काहीही आलं तर रेडिएशनच्या टीमलाच कळवा. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडं जायची वेळ आली तर पहिलं वाक्य हेच सांगा की छातीला रेडिएशन झालंय, अमुक तारखेला संपलं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बसून असताना धाप लागली, ओठ निळसर झाले, चालल्यावर ऑक्सिजन 90 च्या खाली गेला किंवा छातीत अचानक कळ आली तर फोनच्या भानगडीत न पडता सरळ कॅज्युअल्टी.

आत्ताचा जो खोकला आहे तो मात्र तिसऱ्या आठवड्यात सहसा ह्या सुजेचा नसतो. श्वासनळी चुरचुरते त्याचा असू शकतो, गाठीचा असू शकतो, इन्फेक्शनचा पण. म्हणून उद्या मशीनवर जाल तेव्हा टेक्निशियनला सांगून डॉक्टरांना दाखवूनच या. आणि सगळ्यांना ही फुफ्फुसाची सूज येते असं नाही, कितीतरी जणांना स्कॅनवर पट्टा दिसतो पण त्रास काहीच नसतो, त्यांना गोळ्याही लागत नाहीत. रेडिएशननंतर इम्युनोथेरपीची इंजेक्शनं ठरली असतील तर त्यानंही अशीच सूज येऊ शकते, तेव्हा खोकल्याकडं आणखी लवकर बघायचं. आप्पांचा डोस बघून तुमच्या बाबांना गोळी देऊ नका, वजन आणि त्रास किती आहे ते बघून तो ठरतो.