हळद विकावी की ठेवावी: निर्णयाच्या चार कसोट्यांवरचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकाच क्विझमधला एकच तक्ता आहे, म्हणून तो आधी छापतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याकडे माल पडून आहे. तो सगळा आज विकायचा, निम्मा विकून निम्मा ठेवायचा, की सगळाच पुढच्या हंगामापर्यंत गोदामात ठेवायचा, हे त्याला ठरवायचं आहे. आकडे हजार रुपयांतल्या नफ्याचे आहेत. गोदामभाडं, व्याज आणि वजनातली तूट त्यातून आधीच वजा केलेली आहे.

| पर्याय | भाव पडला | भाव तसाच | भाव चढला |
|---|---|---|---|
| सगळी विक्री | ६० | ६० | ६० |
| निम्मी ठेव | २० | ५५ | ११० |
| सगळी ठेव | −२० | ५० | १६० |

प्रश्न: चार उपप्रश्न होते आणि माझी उत्तरं एकमेकांशी जुळेनात. एकाच तक्त्याची तीन वेगळी उत्तरं येऊच कशी शकतात? (एमबीएची विद्यार्थिनी, मिरज)

जुळायला नकोतच. मॅक्झिमिन विचारतं की सगळं उलटं पडलं तर हातात किमान किती राहील. म्हणून प्रत्येक ओळीतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा: ६०, २०, −२०. त्यांतला मोठा ६०, म्हणून सगळी विक्री. मॅक्झिमॅक्स विचारतं की नशीब फळफळलं तर जास्तीत जास्त किती मिळेल. ओळींतले सर्वांत मोठे आकडे ६०, ११०, १६०, म्हणून सगळी ठेव. रिग्रेटची कसोटी नंतरच्या हळहळीकडे बघते आणि निम्मी ठेव निवडते. ते गणित पुढच्या उत्तरात आहे. चौथ्या उपप्रश्नात शक्यता ०.३, ०.४, ०.३ अशा दिल्या होत्या. त्या धरल्या की अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याच्या शक्यतेनं गुणून केलेली ओळीची बेरीज, पुन्हा सगळी ठेवच निवडतं, पण अगदी थोडक्यानं.

तुमच्या उत्तरपत्रिकेच्या फोटोत तिन्ही पर्याय बरोबर आलेत. शेवटी ‘म्हणून सगळी विक्री हाच योग्य निर्णय’ असं वाक्य जोडलंय, तेवढं काढा. ‘मॅक्झिमिननुसार’ हा शब्द नसेल तर त्या वाक्याला अर्थ राहत नाही.

प्रश्न: रिग्रेटचा तक्ता करताना मी प्रत्येक ओळीतल्या मोठ्या आकड्यातून बाकीचे वजा केले. सगळ्या विक्रीचं रिग्रेट शून्य आलं, तरी शून्य गुण मिळाले. (बीबीए, इस्लामपूर)

वजाबाकी स्तंभात करायची, ओळीत नाही. भाव पडणं किंवा चढणं आपल्या हातात नसतं. तो एकदा ठरला की त्याच परिस्थितीत दुसरा पर्याय घेतला असता तर किती जास्त मिळालं असतं, याची ही हळहळ. म्हणून आधी प्रत्येक स्तंभातला सर्वांत मोठा आकडा शोधायचा. इथे ते ६०, ६० आणि १६०. त्यांतून त्या त्या स्तंभातले आकडे वजा केले की असं मिळतं:

| पर्याय | पडला | तसाच | चढला | सर्वांत मोठं रिग्रेट |
|---|---|---|---|---|
| सगळी विक्री | ० | ० | १०० | १०० |
| निम्मी ठेव | ४० | ५ | ५० | ५० |
| सगळी ठेव | ८० | १० | ० | ८० |

शेवटच्या स्तंभात सर्वांत लहान ५०, म्हणून निम्मी ठेव.

चूक पकडायला मुलं एक नियम वापरतात: प्रत्येक स्तंभात निदान एक शून्य हवं आणि उणे आकडा कुठेच नको. नियम बरोबर आहे, पण तुमची चूक त्यानं पकडली नसती. सगळ्या विक्रीच्या ओळीत सारखेच आकडे असल्यामुळे चुकीच्या पद्धतीतही तिन्ही स्तंभांत शून्यं येतात. त्यापेक्षा एक खण वाचून बघा. तुमच्या तक्त्यात भाव चढला तेव्हा आधीच सगळा माल विकून बसलेल्या माणसाला काडीचीही हळहळ नाही. यार्डात असा माणूस दाखवा, मी गुण देतो.

तक्ता खर्चाचा असेल तर सगळं उलटं फिरतं. स्तंभातला सर्वांत लहान आकडा धरायचा आणि तो बाकीच्यांतून वजा करायचा. मॅक्झिमिनच्या जागी मिनिमॅक्स येतं, म्हणजे ओळीतला सर्वांत मोठा खर्च बघून त्यांतला लहान घ्यायचा. रिग्रेटची शेवटची पायरी मात्र बदलत नाही. खर्च असो की नफा, सर्वांत मोठं रिग्रेट जिथे सर्वांत लहान तोच पर्याय.

प्रश्न: गणितात शक्यता दिल्यात, पण विचारलंय मॅक्झिमिन. शक्यता वापरायच्या का? (सांगली)

नाही. मॅक्झिमिन, मॅक्झिमॅक्स आणि साधं रिग्रेट यांना शक्यता लागतच नाहीत. एकच तक्ता चारही उपप्रश्नांना पुरेसा व्हावा म्हणून त्या छापलेल्या असतात.

प्रश्न: अपेक्षित मूल्य ६०, ६१, ६२ असं आलं. इतके जवळचे आकडे बघून आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं. परीक्षेत पडताळा कसा घ्यावा? (एमकॉम, विटा)

आकडे बरोबर आहेत. सगळ्या ठेवीचं बघा: ०.३ × (−२०) + ०.४ × ५० + ०.३ × १६० = −६ + २० + ४८ = ६२.

पडताळ्यासाठी रिग्रेटच्या तक्त्यालाही त्याच शक्यतांनी गुणा. सगळ्या विक्रीचं अपेक्षित रिग्रेट ३०, निम्म्या ठेवीचं २९, सगळ्या ठेवीचं २८ येतं. आता जोड्या लावा: ६० + ३०, ६१ + २९, ६२ + २८. तिन्ही ठिकाणी ९०. ही बेरीज प्रत्येक ओळीत सारखीच यायला हवी. एखाद्या ओळीत वेगळी आली तर चूक त्याच ओळीत आहे, आणि सगळ्याच ओळींत वेगवेगळी आली तर बहुधा वजाबाकी स्तंभाऐवजी ओळीत झालीय.

हे ९० म्हणजे भाव काय होणार हे आधीच कळलं असतं तर सरासरीनं मिळाली असती ती रक्कम: ०.३ × ६० + ०.४ × ६० + ०.३ × १६०. त्यातून ६२ गेले की २८ उरतात. पूर्ण माहितीची किंमत विचारली तर उत्तर हेच. भावाचा अंदाज विकणाऱ्याला अठ्ठावीस हजारांहून जास्त द्यायचे नाहीत, मग तो कितीही खात्रीनं बोलो.

जवळच्या आकड्यांमुळे आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. भाव पडण्याची शक्यता ०.३ च ठेवा आणि चढण्याची हळूहळू कमी करून तेवढीच ‘तसाच’मध्ये टाका. चढण्याची शक्यता साधारण ०.२८ च्या खाली आली की सगळी विक्री पुढे जाते. म्हणजे ०.३ ला सगळी ठेव आणि ०.२७ ला सगळी विक्री. हळदीच्या भावाबद्दल शंभरात तीनइतका बारीक फरक सांगू शकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे इथे अपेक्षित मूल्यानं निकाल दिला असं म्हणण्यापेक्षा ते तिन्ही पर्यायांना जवळपास सारखंच मानतं, असं लिहिलेलं बरं.

प्रश्न: आमचा हळदीचा व्यापार आहे. वडील दरवर्षी निम्मा माल विकतात आणि निम्मा ठेवतात. मी बरीच गणितं करून बघितली, पण अपेक्षित मूल्यात निम्म्याचा पहिला नंबर येतच नाही. वडिलांचं चुकतंय का? (सांगली)

तुमचं निरीक्षण पक्कं आहे आणि त्याला कारण आहे. निम्म्या ठेवीची ओळ ही वरच्या आणि खालच्या ओळीची बरोबर सरासरी आहे: ६० आणि −२० मध्ये २०, ६० आणि ५० मध्ये ५५, ६० आणि १६० मध्ये ११०. त्यामुळे शक्यता काहीही घ्या, तिचं अपेक्षित मूल्य इतर दोघांच्या अधेमधेच राहणार. फार तर बरोबरी होईल, ती एकटी पुढे कधीच जाणार नाही. भाडं आणि व्याज मालाच्या प्रमाणात वाढतं तोवर हे असंच चालतं.

पण वडील वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतायत. अपेक्षित मूल्य ही पुष्कळ हंगामांवर पसरलेली सरासरी. एका वाईट हंगामात बँकेचा हप्ता थकणार असेल तर त्या सरासरीपर्यंत पोचायला धंदा शिल्लक राहायला हवा. निम्म्या ठेवीत भाव पडला तरी वीस हजार हातात राहतात आणि चढला तरी हळहळ पन्नास हजारांवर थांबते.

आता थोडं पुढे जाऊ. निम्माच का? समजा मालाचा x इतका भाग ठेवला. भाव पडला तर हळहळ 80x, चढला तर 100(1 − x). तसाच राहिला तर 10x, ती 80x पेक्षा लहानच, म्हणून सोडून देऊ. x वाढवला की पहिली हळहळ वाढते आणि दुसरी घटते, त्यामुळे दोन्ही सारख्या होतील तिथे मोठी हळहळ सर्वांत कमी:

80x = 100(1 − x), म्हणून x = 5/9

नव्वद पोती असतील तर पन्नास ठेवायची, चाळीस विकायची. मोठं रिग्रेट पन्नासवरून साधारण ४४.४ वर येतं. वडील कागद-पेन्सिल न घेता या उत्तराच्या पाच पोती अलीकडे येऊन थांबलेत. तक्ता बदलला, चढीच्या वर्षाचा नफा १६० ऐवजी १२० धरला, तर हाच भाग 3/7 होतो, म्हणजे निम्म्याहून कमी. हंगाम बघून हात थोडा वर-खाली करायचा असेल तर त्यांना हे दाखवा. ऐकतील की नाही ते मी सांगू शकत नाही.

प्रश्न: वर्गात मी याच तक्त्यात चौथा पर्याय जोडला: माल विकायचा आणि वर वायद्यातही विक्री करायची, नफा १५०, ५५, −४०. हा पर्याय कुठल्याच कसोटीत निवडला जात नाही, तरी रिग्रेटचं उत्तर बदललं. मुलं विचारतात, मी काय सांगू? (प्राध्यापिका, सातारा)

मुलांनी नेमकं दुखणं पकडलंय. चौथी ओळ आली की पहिल्या स्तंभातला मोठा आकडा ६० चा १५० होतो. मग मोठी रिग्रेट क्रमानं १००, १३०, १७० आणि २०० अशी येतात आणि निम्म्या ठेवीऐवजी सगळी विक्री जिंकते. नवा पर्याय स्वतः हरला, पण जाता जाता दुसऱ्याचं उत्तर पालटून गेला. मॅक्झिमिन, मॅक्झिमॅक्स आणि अपेक्षित मूल्य यांत असं होत नाही, कारण तिथे प्रत्येक ओळीचा आकडा त्याच ओळीतून येतो. रिग्रेटमध्ये तो शेजारच्या ओळींवर ठरतो.

रिग्रेटची कसोटी लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये मांडली, आणि हरमन चेर्नॉफ यांनी १९५४ मध्येच तिच्यावर हा आक्षेप घेतला. तेव्हा मुलांना सांगा की गणित चुकलेलं नाही, कसोटीचा स्वभावच असा आहे. क्विझमध्ये त्याचा अर्थ एवढाच की रिग्रेट काढायच्या आधी कुठलीही ओळ स्वतःहून खोडायची नाही. अपवाद एकच: जी ओळ प्रत्येक स्तंभात दुसऱ्या एखाद्या ओळीपेक्षा लहान किंवा तिच्याइतकीच आहे, ती खोडली तरी स्तंभातला मोठा आकडा हलत नाही. तुमची चौथी ओळ तशी नाही, कारण पहिल्या स्तंभात ती सगळ्यांच्या वर आहे. आणि मुळात व्यापारी वायद्यात उतरतच नसेल, तर ती ओळ तक्त्यात यायलाच नको.